सल्ला हवा: चार कूलर, सुटे पंप किती आणून ठेवू?

नंदनवनची_ताई: माझी अभ्यासिका आहे, हॉलमध्ये चार कूलर. वहीत नोंदी आहेत, त्यावरून पंप सरासरी 24 महिने चालतो (बंद हंगाम सोडून). भर मे महिन्यात पंप जळला की पोरं उठून जातात. एप्रिल ते जूनसाठी सुटे पंप किती घेऊ? आणि एकही बदलला नाही, तर चारही बंद पडायला किती काळ लागेल?

मानेवाडा_मास्तर: पहिला जायला 24 भागिले 4, म्हणजे सरासरी 6 महिने. शेवटच्यासाठी उलट, 24 गुणिले 4, म्हणजे 96. एक सुटा पुरे.

गिट्टीखदान77: ताई, कोणता पंप चांगला विचारताय ना? आमच्याकडे बोअरचं पाणी. क्षार साचून पंप जाम होतो न् मोटर जळते. मागच्या उन्हाळ्यात दोन्ही कूलरचे पंप एकाच आठवड्यात गेले. पंप कोणताही घ्या, आधी पाणी बदला.

बर्डीकर: मास्तर, 6 बरोबर आहे, पण आयुष्य घातांकी वितरणाचं असेल तरच, म्हणजे पंप कितीही जुना असला तरी पुढच्या महिन्यात जाण्याची शक्यता तेवढीच. 96 मात्र चूक. टप्प्याटप्प्याने बघा: चार चालू असताना पहिला जायला सरासरी 6, मग उरलेल्या तिघांतला एक जायला 24/3 = 8, मग 12, शेवटच्या एकट्याला 24. बेरीज 50 महिने. पहिला जाण्याचा काळ, म्हणजे किमान मूल्य, पुन्हा घातांकीच निघतं; शेवटचा जाण्याचा काळ, म्हणजे कमाल, तसं निघत नाही. x महिन्यांत चारही जाण्याच्या शक्यतेचं सूत्र:

```
P(max ≤ x) = (1 − e^(−x/24))^4
```

ताई, तीन महिन्यांत निदान एक पंप जाण्याची शक्यता 1 − e^(−3/6), म्हणजे 39 टक्के. घातांकीत जुना चालू पंप नव्याइतकाच धरतात, त्यामुळे बदलल्यावर घड्याळ पुन्हा शून्यापासून. त्या हिशेबाने दोन किंवा जास्त जाण्याची शक्यता 9 टक्के. एक सुटा नक्की ठेवा, दुसरा तुमच्या जिवाला किती घोर लागतो त्यावर.

एमएस्सी_पोरगी: सर, आयुष्य 0 ते 48 महिन्यांत एकसमान धरलं तर? सरासरी तीच 24, पण पहिला 48/5 = 9.6 आणि शेवटचा 38.4 महिन्यांवर येतो.

बर्डीकर: म्हणूनच नुसत्या सरासरीवर विसंबू नका. वहीतल्या आयुष्यांचं प्रमाण विचलन काढा, म्हणजे ती सरासरीपासून साधारण किती महिने इकडेतिकडे पसरलीत ते. 24 च्या आसपास आलं तर घातांकी धरायला हरकत नाही, 14 च्या जवळ आलं तर पोरगीचं गणित जवळचं. आणि गिट्टीखदानवाल्या भाऊंचा मुद्दा मोठा आहे. एकाच टाकीचं खारट पाणी चारही पंपांत फिरत असेल, तर ते स्वतंत्र राहत नाहीत न् वरचं सगळं गणित ढिलं पडतं.

नंदनवनची_ताई: पाणी बोअरचंच आहे हो. मग दोन घेऊ?

मानेवाडा_मास्तर: बोअर असेल तर दोन घ्या.

बर्डीकर: आधी वहीत बघा, एकाच महिन्यात दोन पंप गेल्याच्या नोंदी किती आहेत?