हिटलरच्या नावाचा भुंगेरा: नाव बदलावं की राहू द्यावं?

रानवाट
स्लोव्हेनियाच्या गुहांत एक आंधळा भुंगेरा राहतो. १९३७ साली ऑस्कर शाइबेलने त्याचं नाव ठेवलं ॲनोफ्थॅल्मस हिटलरी. आज हिटलरचे शौकीन संग्राहक केवळ नावापायी तो पकडून विकत घेतात. तरी प्राणी-नामकरणाचं आंतरराष्ट्रीय मंडळ म्हणतं, नाव बदलणार नाही! वनस्पतीवाल्यांनी २०२४ मध्ये माद्रिदला मतदान घेऊन 'काफ्रा' हे शिवीवजा नाव बदललंच ना? माझं मत: बदला. तुमचं?

मधुमालती
बदलावंच. ज्याने ठेवलं त्याने किंवा त्याच्या वारसांनी अर्ज केला की झालं. नाहीतरी स्वतःचं नाव द्यायला नियमाने बंदी आहेच, तशीच राजकारण्यांच्या नावालाही घालता येईल.

कीटकवही
मधुमालती, दोन्ही गोष्टी तशा नाहीत. छापून आलेलं नाव ठेवणाऱ्याचंही राहत नाही. शाइबेल स्वतः पश्चात्तापाने परत आला असता, तरी त्याला ते मागे घेता आलं नसतं. आणि स्वतःचं नाव देण्यावर बंदी नाही. कोणी देत नाही, कारण आयुष्यभर सहकारी हसतील.

दुखावणारं नाव ठेवू नये असं आमच्या प्राणी-नामकरणाच्या संहितेत लिहिलंय, पण ते सल्ला म्हणून. सल्ला मोडला म्हणून नाव रद्द होत नाही. जुन्या नावांना मंडळ हात लावत नाही, कारण आक्षेपार्ह काय हे ठरवणार कोण? आज हिटलर, उद्या एखादा ब्रिटिश कलेक्टर, परवा आपल्याकडचा कुठला पुढारी. प्रत्येक वेळी जुनी लेबलं, किडींच्या याद्या, सगळं फिरवायचं.

रानवाट
हे स्थैर्याचं कौतुक मला पटत नाही. आपली बाभूळ बघा. सगळी शाळा-कॉलेजं 'अकेशिया' शिकली. २००५ साली व्हिएन्नात ठरलं की अकेशिया हे नाव ऑस्ट्रेलियातल्या झाडांकडे राहील, आणि आपली बाभूळ झाली व्हॅचेलिया निलोटिका. तेव्हा लेबलं बदलली नाहीत?

कीटकवही
बदलली, आणि आरडाओरडाही झाला. २०११ मध्ये मेलबर्नला पुन्हा भांडण. पण ते झाडांची नाती नव्याने कळल्यामुळे झालं, नाव वाईट वाटलं म्हणून नव्हे. अर्थात अकेशिया कोणाकडे राहावं, हे मतांवरच ठरलं. तो मुद्दा तुमचा.

पांगारा
वनस्पतीवाल्यांनीही सरसकट झाडू फिरवलेला नाही. आफ्रिकेत आपल्या पांगाऱ्याचा एक भाऊबंद आहे, एरिथ्रिना काफ्रा. 'काफिर'वरून आलेला तो शब्द दक्षिण आफ्रिकेत काळ्या माणसाला शिवी म्हणून वापरला गेला. उपाय काय केला? रोमन लिपीतलं पहिलं 'सी' गाळलं. काफ्राचं झालं आफ्रा, म्हणजे आफ्रिकेचं. यादीत शोधणाऱ्याला झाड अजून सापडतं. ३५१ विरुद्ध २०५ मतांनी पास झालं. त्याशिवाय ठरलं ते एवढंच, की १ जानेवारी २०२६ पासून ठेवलेलं एखादं नाव लोकसमूहाचा अपमान करणारं असेल तर ते नाकारता येईल. मागचं सगळं उकरायचं नाही.

हिटलरीतलं कुठलं अक्षर गाळणार?

गप्पूशेठ
आपण मराठीत त्याला 'गुहेतला आंधळा' म्हणू. विषय संपला.

कातळफूल
गप्पूशेठ, मराठी नावाचा प्रश्नच नाहीये इथे 🙂

माझं जरा वेगळं. राजापूरच्या कातळावर सलग दोन पावसाळे आम्हाला एक बारीक भुंगेरा मिळाला, नवा दिसतोय. मला आजीचं नाव द्यायचंय, सरस्वती. सहलेखकाने मसुद्यात 'सरस्वती'पुढे 'आय' लावलाय, तुकाराम ओंबळ्यांच्या नावाच्या कोळ्यासारखा, इशियस तुकारामी. बरोबर ना?

कीटकवही
तो पुरुषाचा प्रत्यय. बाईच्या नावाला 'एई' लागतो, 'सरस्वतिए'. छापायच्या आधी दुरुस्त करा. वनस्पतींत चुकलेला प्रत्यय पुढचा माणूस सरळ नीट करून लिहितो. आमच्यात लॅटिनची चूक ही छपाईची चूक धरत नाहीत. आजी 'आजोबा' म्हणून छापली गेली तर बहुधा तशीच राहील.

त्याआधी एक विचारतो. नराची जननेंद्रियं काढून जवळच्या जातींच्या मूळ नमुन्यांशी ताडून पाहिलीत का? पुष्कळ भुंगेऱ्यांत वरून फरक दिसतच नाही. आणि ज्या एका नमुन्यावर नाव टांगणार, तो कोणत्या संग्रहालयात ठेवणार हे लेखात लिहावं लागतं. घरच्या डबीत ठेवून भागत नाही.

कातळफूल
नर एकच मिळालाय, तोही एक पाय तुटलेला. अजून उघडला नाही.

पांगारा
प्रत्ययावरून आठवलं. विशाळगडावरच्या कंदीलपुष्पाला शिवरायांचं नाव दिलं तेव्हा 'सेरोपेजिया शिवरायियाना' असं का, म्हणून मला लोक विचारायचे. महाराज पुरुष, मग शेवटी 'आ' कसा? तिथे नाव विशेषणासारखं केलंय, म्हणून ते सेरोपेजियाचं लिंग घेतं, महाराजांचं नाही.

मधुमालती
हे छान कळलं. पण मुद्द्याला धरून: शिवरायांचं नाव चालतं ते आपल्याला आवडतं म्हणून. १९३७ मध्ये शाइबेललाही हिटलरचं आवडतंच होतं.

रानवाट
म्हणूनच म्हणतोय, माणसांची नावं नकोतच. ठिकाण द्या, रंग द्या.

कातळफूल
ठिकाण लिहिलं की पुढच्या पावसात संग्राहक कातळावर हजर. आजीच बरी.