‘तिकडून होकार आहे’ म्हटलं की आपल्यालाही आवडतेच का?

नितीन, वणी
पोट्ट्यांनो, लाजत बसू नका. मनात असन तं सरळ सांगून द्या. आपण कोणाले आवडतो हे कळलं की तो माणूस आपल्यालेही आवडू लागते, हे मानसशास्त्रात सिद्ध झालेलं आहे. नाही म्हणाली तं पुन्हा सांगा. एक दिवस हो म्हणनच.

शिल्पा, पुसद
शेवटच्या दोन वाक्यांनी डोकं फिरवलं, म्हणून लिहिते. कॉलेजात हाच विषय शिकवते आणि दरवर्षी कोणीतरी पोरगा अर्धंच ऐकून जातो.

१९५९ मध्ये बॅकमन आणि सेकॉर्ड यांनी अनोळखी माणसांचे गट बसवले. प्रत्येकाला आधीच सांगून ठेवलं, ‘तुमच्या चाचण्यांवरून दिसतं की यातली अमुक माणसं तुम्हाला पसंत करतील.’ खरं तर ती नावं अशीच उचललेली होती. पहिल्या बैठकीनंतर लोकांची पसंती नेमकी त्याच माणसांकडे झुकली. इथवर नितीनभाऊ बरोबर. पण ते गट पुढेही भेटत राहिले, आणि नंतरच्या बैठकांत तो झुकाव उरला नाही. एव्हाना समोरचा कसा बोलतो, आपल्याकडे खरंच लक्ष देतो का, हे डोळ्यांनी दिसलं होतं ना. ऐकीव पसंतीचा जोर सुरुवातीपुरताच.

आता ‘पुन्हा सांगा’. पहिल्यांदा सांगता तेव्हा तिला काहीतरी नवीन कळतं. नकारानंतर पुन्हा सांगता तेव्हा नवीन एवढंच कळतं की माझ्या ‘नाही’ची याला किंमत नाही. बॉमायस्टर आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये एकतर्फी प्रेमाच्या दोन्ही बाजूंच्या आठवणी लिहून घेतल्या. नकार देणाऱ्यांच्या लिखाणात अपराधीपणा आणि वैताग भरलेला होता. गाडी ‘हो’कडे तिथून वळत नाही.

कपाशीवाला
मॅडम, हे आवडणं-निवडणं नोकरीवाल्याईचं काम. मी पोट्टी पाहाले गेलो, चहापोहे झाले, ती चांगली हासून बोलली. मध्यस्थ म्हणे तिकडून होकार आहे. मलेही मंग ती लयच आवडली, घरी येऊन झोप नाही. चार दिवसानं कळलं, पोट्टा शेती करते म्हणून बापानं नाही म्हटलं. तुमच्या प्रयोगात सातबारा होता काय?

गुरुजी, दर्यापूर
नितीनचे मुळातच चुकले. सहज मिळालेल्या गोष्टीची किंमत नसते. थोडा भाव खावा, दोनदा फोन उचलू नये, समोरची आपोआप मागे येते. आमच्या काळीही असेच होते.

वैष्णवी, दारव्हा
गुरुजी, फोन न उचलणाऱ्याचा नंबर मी डिलीट करते.

नितीन म्हणतो ते मात्र एकदा माझ्यासोबत झालं आहे. कॉलेजच्या एसटीत एक मुलगा मागच्या सीटवर बसायचा, मला त्याचं नावही माहीत नव्हतं. मैत्रिणीनं सांगितलं, ‘त्याला तू आवडतेस.’ दुसऱ्या दिवसापासून तो कुठल्या थांब्यावर चढतो ते मला पाठ. शर्टसुद्धा चांगला दिसायला लागला. मग एक दिवस मैत्रिणीनं मोबाइल दाखवला. मला पाठवलेल्या चार ओळी तिलाही आल्या होत्या, फक्त नाव बदललेलं. त्या मिनिटाला सगळं संपलं. आणि तिलाही तो आधी बरा वाटत होता, बरं का!

शिल्पा, पुसद
वैष्णवी, अगदी हेच. २००७ मध्ये ईस्टविक, फिंकेल वगैरेंनी चार-चार मिनिटांच्या ओळखभेटी घडवून पाहिलं. एखाद्याला विशिष्ट एकच व्यक्ती जास्त आवडली, तर तिच्याकडूनही तशीच पसंती यायची शक्यता वाढत होती. ज्याला सगळ्याच आवडत होत्या, तो मात्र कोणालाच फारसा आवडत नव्हता. चार मिनिटांत कळतं हे माणसाला.

गुरुजी, भाव खाण्याबद्दल: वॉल्स्टर आणि मंडळी बरीच वर्षं तुमचंच म्हणणं सिद्ध करायला धडपडली, प्रयोगांमागून प्रयोग फसले. १९७३ च्या लेखात त्यांना जमलं ते असं: जी इतरांना दाद देत नाही पण *याला* भेटायला उत्सुक आहे, ती सगळ्यात जास्त आवडली. भाव इतरांसमोर खायचा, त्याच्यासमोर नाही.

गुरुजी, दर्यापूर
म्हणजे भाव खायचाच, एवढे तरी आमचे खरे निघाले. आणि अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठाचा २०११ चा प्रयोग का लपवता? या मुलांना तू खूप आवडलीस की ठीकठाक, हे नक्की नाही, असे ज्या मुलींना सांगितले, त्यांनाच ती मुले सर्वांत जास्त आवडली. मुलगा पुण्याहून आला होता तेव्हा त्याने वाचून दाखवले होते.

शिल्पा, पुसद
लपवलं नाही, तुम्ही विचारेपर्यंत थांबले होते. त्या मुलींनी फक्त प्रोफाइल पाहिली होती, भेट झालेली नव्हती. आणि ‘खूप आवडलीस’ असं सांगितलेल्या मुलींनाही ती मुलं ‘ठीकठाक’वाल्यांपेक्षा जास्तच आवडली. आठ दिवस फोन न उचलण्याचा परवाना त्यातून निघत नाही.

कपाशीवाला
माह्या प्रश्नाले कोणी हातच लावून नाही राहिलं. पोट्ट्याईले पोट्ट्या भेटून नाही राहिल्या अन् तुमचे प्रोफाइल सुरू. चाळीस क्विंटल कापूस पिकवतो, तरी पंधरा हजाराचा कंपनीवाला जावई पायजे यायले!

वैष्णवी, दारव्हा
आमच्यावर राग काढू नका. माझी आई अजूनही ओटी बांधून वेचणीला जाते. बोंडाच्या सुकलेल्या टोकांनी नखांच्या बाजूची कातडी फाटते, रात्री खोबरेल लावून बसते. पैसे बाबांच्या खात्यात. हे पाहून मोठी झालेली मुलगी ‘शेतकरी नको’ म्हणते तेव्हा ती तुम्हाला नाही म्हणत नाही.

कपाशीवाला
मंग आमच्या माया काय पलंगावर बसतात काय? त्याईचे हात पायले काय तुम्ही?

वैष्णवी, दारव्हा
पाहिले. म्हणूनच.

नितीन, वणी
अरे हा धागा माह्या होता ना भाऊ!

घाटंजीचे मामा
मी सोयरिकी जमवतो. कपाशीवाल्या, ‘तिकडून होकार आहे’ हे आमी दोन्हीकडं सांगतो, तेही पाहायच्या कार्यक्रमाच्या आधी. लबाडी म्हणा. पण न सांगता नेलं तं पोट्टा खाली मान घालून पोहे खाते अन् पोट्टी ‘शिक्षण किती’च्या पुढं जात नाही. सांगितलं की पोट्टा नीट बसते, दोन गोष्टी इचारते. पोट्टीही मोकळी बोलते.

शिल्पा, पुसद
मामा, लबाडी आहेच, पण तुमचं निरीक्षण पक्कं आहे. कर्टिस आणि मिलर यांनी १९८६ मध्ये हेच करून पाहिलं. समोरच्याला आपण आवडलो असं ज्यांना खोटंच सांगितलं, ते जास्त मोकळं बोलले, आवाज नरम झाला, वाद कमी घातला. आणि परिणामी समोरच्याला ते खरोखरच जास्त आवडले. ‘तुम्ही आवडला नाहीत’ असं सांगितलेले आखडले आणि नावडते झाले. म्हणजे पसंतीची नुसती बातमी माणसाचं वागणं बदलते, आणि खरं काम ते वागणं करतं.

पण साक्षगंधानंतर दोघं फोनवर बोलायला लागली की तुमची बातमी संपली. तिथं एकानंही ‘मी तर काही म्हटलंच नव्हतं’ म्हटलं, तर?

घाटंजीचे मामा
तं मोडते. मोडली आहे. मानपानाचा खर्चही डोक्यावर आला. पण जमलेल्या जास्त आहेत, मॅडम. अन् बापाचा नकार असन तिथं माही बातमी काही कामाची नाही, हेही लिहून ठेवा.

नितीन, वणी
बरं माय, ‘पुन्हा सांगा’ काढून टाकतो पोस्टमधून. मॅडमनं पार पऱ्हाटी उपटल्यासारखी पोस्ट उपटली. पण ‘एकदा सांगा’ ठेवतो, ते मॅडमच्याच प्रयोगात बसते.

शिल्पा, पुसद
ठेवा. आणि एकाच मुलीला सांगा.

कपाशीवाला
मामा, माह्यासाठी पाहा एखादी. पण तिकडचा होकार खरा असन तंच फोन करजा.

घाटंजीचे मामा
बायोडाटा पाठव. अन् वावर ओलिताचं का कोरडवाहू, ते वरतीच लिहिजो.