फारसी मृत्युपत्राचं इंग्रजी भाषांतर: ‘सोल्स’ आणि ‘दांग’ कसं लिहायचं? मदत हवी आहे

माझ्या बहिणीचे यजमान इराणी. पुण्यात शिकायला आले, तिथेच ओळख झाली. त्यांचे वडील शिराजला वारले. घरातला हिस्सा त्यांच्या मुलीला, म्हणजे बहिणीच्या नणंदेला द्यावा असं हाताने लिहिलेलं मृत्युपत्र आहे. थोरले दीर वडिलांच्या मागून गेले, त्यामुळे त्यांचा हिस्सा आता टोरांटोतल्या त्यांच्या मुलांकडे येतो. त्या मुलांना फारसी वाचता येत नाही. तिथल्या नोटरीपुढे सही करण्याआधी त्यांना इंग्रजी भाषांतर हवंय. मी फारसी शिकले आहे, म्हणून काम माझ्याकडे आलं.

अडलेलं वाक्य असं: ‘अज महल्ल-ए सोल्स-ए अमवालम, से दांग-ए मोशा अज शेश दांग-ए मन्जेल मोतअल्लेक बे दोख्तरम बाशद.’ आधी एकाने केलेल्या भाषांतरात ‘घराच्या तीन दांगांचा एक तृतीयांश मुलीला’ असं आलंय. नोटरीने विचारलं, म्हणजे नक्की किती? मला ते चुकीचं वाटतंय, पण खात्री नाही. शिवाय ‘वसी’ला एक्झिक्युटर म्हणावं का?

मोडी_ते_फारसी: चुकलंच आहे, आणि महागात पडेल असं. इराणात अख्खी मिळकत म्हणजे सहा दांग. तीन दांग म्हणजे निम्मं घर. आपल्याकडे जुन्या खतात ‘आठ आणे हिस्सा’ असतो ना, तसंच. त्या भाषांतराप्रमाणे तीनाचा तिसरा भाग म्हणजे एक दांग, घराचा सहावा हिस्सा. मुलीचं निम्मं घर एका विभक्तीपायी सहाव्या हिश्श्यावर आलं.

‘अज महल्ल-ए सोल्स’ म्हणजे ‘तिसऱ्या हिश्श्यातून’. हा तिसरा हिस्सा सगळ्या मालमत्तेचा, घराचा नाही. मृत्युपत्राने माणूस तेवढाच मोकळेपणाने देऊ शकतो, आणि तो त्यातून निम्मं घर देतोय. इंग्रजीत आधी ‘माझ्या मालमत्तेच्या तिसऱ्या हिश्श्यातून’, मग ‘सहापैकी तीन दांग, म्हणजे अर्धा अविभक्त हिस्सा’ असा क्रम ठेवा. ‘दांग’ शब्द काढू नका, इराणी खरेदीखताशी ताडून बघताना तोच लागेल. ‘मोशा’ गाळलंत तर वाचणाऱ्याला वाटेल घराची भिंत घालून वाटणी झालीय.

वकिलीण_नागपूर: पण निम्मं घर तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त भरलं तर मृत्युपत्रच रद्द. भाषांतरात तशी टीप टाकाच.

मोडी_ते_फारसी: ताई, मर्यादेचं बरोबर, रद्दचं नाही. इराणच्या दिवाणी कायद्याचं कलम ८४३ बघा: जास्तीचा भाग वारसांनी मान्यता दिली तर चालतो, आणि एखाद्यानेच दिली तर त्याच्या हिश्श्यापुरता. तिसरा हिस्सा मोजायचा तो मृत्यूच्या वेळच्या मालमत्तेवरून, मृत्युपत्र लिहिलं त्या दिवशीच्या नव्हे. म्हणून ही मुलं कशाला मान्यता देताहेत हे त्यांना नीट कळायला हवं. पण ‘जास्त भरतंय’ हे भाषांतरकाराने लिहायचं नाही. तो हिशोब वकिलाचा.

गिरगावकर_काका: आमच्या आईच्या मृत्युपत्राला मुंबईत प्रोबेट घेताना दोन वर्षं गेली. आधी प्रोबेटचं बघा.

धागाकर्ती: काका, मिळकत शिराजची आहे, इथलं प्रोबेट त्यात येत नाही. ‘वसी’चं काय करू?

मोडी_ते_फारसी: मी ‘वसी’ तसाच ठेवतो आणि पहिल्यांदा येतो तिथे ‘मृत्युपत्राप्रमाणे काम पाहण्यासाठी नेमलेली व्यक्ती’ असं लिहितो.

टोरांटोची_मीरा: मी एक्झिक्युटरच लिहीन. इथल्या नोटरीला तोच शब्द कळतो. कंसात ‘वसी’ ठेवला की झालं.

मोडी_ते_फारसी: त्या शब्दाबरोबर तिथले सगळे अधिकारही डोक्यात येतात, म्हणून मी टाळतो. यावर आमचं एकमत होणार नाही.

टोरांटोची_मीरा: एक महत्त्वाचं. नोटरी भाषांतर बरोबर आहे असं म्हणत नाही, भाषांतरकाराने आपल्यासमोर शपथ घेतली एवढंच सांगतो. तुमचे मेहुणे स्वतः वारस आहेत. मान्यतेवरून उद्या वाद झाला तर तुमच्या सहीवर पहिलं बोट ठेवतील. शब्द तुम्ही जुळवा, पण शपथ ज्याला यातून काही मिळत नाही अशा भाषांतरकाराला घेऊ द्या.

धागाकर्ती: हे माझ्या मनातच आलं नव्हतं. मेहुण्यांनाही पटेल. तारखेचं तरी बघाल का? ‘५ मेहर १३९४’ म्हणजे २७ सप्टेंबर २०१५ धरलं आहे.

मोडी_ते_फारसी: बरोबर. मूळ तारीखही शेजारी ठेवा. हाताने लिहिलेल्या मृत्युपत्रात दिवस, महिना, वर्ष त्याच हाताने लिहिलेलं असावं लागतं, म्हणून स्कॅनमध्ये तारखेची शाई आणि अक्षर मजकुराशी जुळतंय का तेवढं पाहून घ्या.

धागाकर्ती: पाहिलं. मजकूर निळ्या शाईत, सही निळी, ‘मेहर’पर्यंतही निळीच. १३९४ मात्र काळ्या शाईत आहे. अक्षर तेच वाटतं. मूळ कागद नणंदेकडे शिराजला आहे, आज रात्री फोन करते.