डेकोरेटरला द्यायचे लेखी टिपण

«मंगल कार्यालयातल्या लग्नासाठी डेकोरेटरला फोटो पाठवले आहेत. लेखी आणखी काय द्यावे?»

फोटोवरून मापे कळत नाहीत, म्हणून स्टेजची रुंदी, खोली आणि उंची फुटांत लिहावी. अंतरपाट धरणारे आणि वधूवरांमागचे मामा सहज उभे राहतील एवढी जागा मोकळी मागावी. नुसते ‘पांढरी फुले’ लिहिले, तर निशिगंधाऐवजी कापडी फुले आली तरी बोलता येत नाही. फुलाचे नाव, ताजे की कृत्रिम आणि न मिळाल्यास पर्याय कोणता, हे नोंदवावे.

दिव्यांबाबत माझे मत ठाम आहे: जांभळा किंवा निळा प्रकाश फक्त मागच्या पडद्यावर असावा, कारण तो चेहऱ्यावर पडला की हळदीची छटा मळकट दिसते आणि छायाचित्रात ती नंतर सुधारणे कठीण जाते. चेहऱ्यांसाठी समोरून, दोन्ही बाजूंनी सुमारे ३००० केल्व्हिनचा उबदार पांढरा प्रकाश मागावा.

वेळा मुहूर्तापासून उलट मोजाव्यात. मुहूर्त ११.४० चा असेल, तर स्टेज ९ वाजता दिव्यांसह तयार हवे. सांगाडा आदल्या रात्री उभा राहू शकतो का, हे कार्यालयाचा ताबा कधी मिळतो यावर ठरते. ताजी फुले मात्र पहाटेच लावावीत. आवराआवर शेवटची पंगत उठल्यावर सुरू होईल आणि उशीर झाल्यास कार्यालयाचे जादा भाडे कोण भरेल, तेही लिहावे.