चिवड्यातले दाणे कडवट असल्याची तक्रार : व्यापाऱ्याकडून लॉट नंबर कसा मागायचा? (इंदूर)

फराळवाली_सुदामानगर
नमस्कार. आम्ही चौघी मिळून पोह्यांचा चिवडा करतो. रोज एक घाणा, 40 किलोचा, त्यात 6 किलो शेंगदाणे. पाव किलोची पाकिटं. या आठवड्यात तीन गिऱ्हाइकांनी सांगितलं की दाणे कडवट आहेत, जुनाट वास येतो. तिन्ही पाकिटांवर 10 ते 12 ऑक्टोबरच्या तारखा आहेत. दाणे सियागंजातल्या एका घाऊक व्यापाऱ्याकडचे. त्याला फोन केला तर म्हणाला, "माल एकदम बढिया था, आपका तेल देखो." त्याच्याकडून बॅच नंबर आणि माल कुठून आला याचा कागद मागायचा आहे. नेमकं काय मागू? आणि खर्च दोन हजारांच्या वर झेपणार नाही.

बडोदेकर_काका
ताई, सरळ बारकोड प्रिंटर घ्या. मी पापडासाठी घेतला, सतरा हजारांत. आता प्रत्येक पाकिटाची कुंडली माझ्या मोबाइलवर असते.

मेघना_ग्वाल्हेर
काका, त्या दोन हजार म्हणाल्यात.
दाणे हा शेतमाल आहे, त्याला बॅच नंबर नसतो. तो डबाबंद मालाला असतो. व्यापारी तरी कुठून देणार?

गुणवत्ता_पिथमपूर
मेघनाताई, मंडीतल्या सुट्या मालाबद्दल तुमचं बरोबर आहे. पण निवडून, प्रतवारी करून 30 किलोच्या कट्ट्यात भरलेल्या दाण्याला कारखाना लॉट देतो. कट्ट्याच्या शिवणीत चिठ्ठी असते किंवा पोत्यावर शिक्का असतो.

सुदामानगर ताई, व्यापाऱ्याकडे जाण्याआधी आपलं घर तपासा. किती कट्टे, कोणत्या बिलाने आले, आणि जुने कधी संपले? रिकामे कट्टे आहेत का? त्याच तेलात तळलेलं दुसरं काही बिघडलं का?

फराळवाली_सुदामानगर
18 सप्टेंबरला 4 कट्टे, 6 ऑक्टोबरला 2. सगळे 30 किलोचे. बिलावर फक्त "मूंगफली दाना" आणि वजन. शेव त्याच तेलातली, ती उत्तम आहे. एक रिकामा कट्टा बटाट्यांसाठी ठेवलाय, बाकीचे भंगारवाल्याला दिले.

गुणवत्ता_पिथमपूर
शेव चांगली आहे म्हणजे तेलावरचा संशय बराच कमी होतो. आता हिशेब करू. पहिले 120 किलो, रोज 6, म्हणजे 20 घाणे. सुरुवात कधी केली?

फराळवाली_सुदामानगर
20 सप्टेंबर. रोज केला, एकही दिवस सुट्टी नाही.

गुणवत्ता_पिथमपूर
मग जुना माल 9 ऑक्टोबरला संपला आणि 10 पासून नवे कट्टे लागले. तक्रारी 10, 11 आणि 12 च्या. म्हणजे प्रश्न 6 ऑक्टोबरच्या दोन कट्ट्यांचा आहे. पहिला 14 पर्यंत पुरला, दुसरा 19 पर्यंत. 8 आणि 16 तारखेचं पाकीट उघडून वास घ्या.

व्यापाऱ्याला "माल खराब होता" असं लिहू नका, तो वाद घालत बसेल. बिल नंबर आणि तारीख घालून व्हॉट्सअॅपवर इतकंच विचारा : या दोन कट्ट्यांचे लॉट नंबर काय, ते कोणत्या कारखान्याचे, तुम्ही ते कोणत्या बिलाने आणि कधी घेतले, त्या लॉटचे एकूण किती कट्टे आले आणि उरलेले कुठे आहेत. हा शेवटचा प्रश्न सोडू नका. 40 आले, 25 विकले आणि 15 गोदामात आहेत असं सांगितलं तर जाऊन मोजता येतं. आकडे जुळले नाहीत तर समजा की नंबर अंदाजाने दिलाय.

तिखटमीठ_राजवाडा
माझं ऐका, व्यापारीच बदला. मला गेल्या वर्षी तिळात खडे आले, त्या दिवसापासून त्या दुकानाची पायरी चढले नाही.

बडोदेकर_काका
बारकोड असता तर हे तोंडी हिशेब करावे लागले नसते. आणि दाणे तळले की बुरशीबिरशी सगळी मरते, घाबरू नका.

गुणवत्ता_पिथमपूर
काका, इथे थांबा. बुरशी मरते, पण दाण्यावरच्या बुरशीने सोडलेलं अफ्लाटॉक्सिन तळल्याने पूर्ण जात नाही. नुसता खवटपणा असेल तर चव गेली, गिऱ्हाईक गेलं. पण सुरकुतलेले, काळपट, हिरवट झाक असलेले दाणे दिसले तर ते चाखूनही बघायचे नाहीत. कडू लागलं म्हणजे फक्त तेल जुनं झालं असं धरून चालू नये.

मेघना_ग्वाल्हेर
तपासणीचा रिपोर्टही मागा. मला एकाने लगेच पाठवला होता.

गुणवत्ता_पिथमपूर
मागा, पण त्यावरचा लॉट आणि नमुना घेतल्याची तारीख बघा. पुष्कळ जण वर्षाकाठी एकदा केलेला रिपोर्ट सगळ्यांना पाठवतात. तो या कट्ट्यांबद्दल काहीच सांगत नाही.

फराळवाली_सुदामानगर
8 आणि 16 ची पाकिटं ठीक आहेत. 11 चं खवट. घरच्या कट्ट्याला चिठ्ठी आहे, दाणा जावा जातीचा, आकार 60/70, लॉट नंबरही वाचता येतो. पण कट्टा नवा की जुना ते आठवत नाही, आणि तोंड सुतळीने हाताने शिवलेलं आहे.

गुणवत्ता_पिथमपूर
कारखान्याची शिवण बहुधा मशीनची, दोऱ्याची असते. सुतळी असेल तर कट्टा मध्ये कुणीतरी उघडला असावा. नमुना बघायलाही उघडतात, दुसरा माल भरायलाही. तेव्हा त्या चिठ्ठीवर सगळा भार टाकू नका, त्याच्या खरेदीच्या वहीशी ताडून बघा. टाळाटाळ केली तर शांतपणे सांगा की अन्नसुरक्षा कायदा, 2006 च्या कलम 27 प्रमाणे माल कुणाकडून घेतला हे घाऊक व्यापाऱ्याला सांगता आलं नाही, तर जबाबदारी त्याच्यावरच येते. आणि बिलावर त्याचा 14 आकडी एफएसएसएआय नंबर आहे का तेही बघा.

तिखटमीठ_राजवाडा
लेखीच पाठवा, दुकानात जाऊ नका. समोर गेलं की चहा पाजून गुंडाळतात.

फराळवाली_सुदामानगर
चार दिवसांनी लिहितेय. मी दुकानातच गेले, कट्टा घेऊन. मुनीमजींनी वही काढली. 6 ऑक्टोबरचे माझे दोन कट्टे दोन वेगळ्या लॉटचे निघाले. एक लॉट राजकोटकडच्या कारखान्याचा, त्याचं बिल आहे, आणि माझ्या चिठ्ठीशी नंबर जुळला. दुसरा कट्टा शेजारच्या दुकानातून उसना घेतलेला. त्याची नुसती नोंद आहे, लॉट नाही. मालक गप्प झाले. मग ही हकीकत त्यांनी लेटरहेडवर लिहून, सही करून दिली आणि एका कट्ट्याचे पैसे परत केले.

पण आधी कोणता कट्टा उघडला हे आमच्यापैकी कुणीच छातीठोक सांगू शकत नाही. म्हणून 10 ते 19 ची सगळी पाकिटं दुकानांतून परत मागवली.

मेघना_ग्वाल्हेर
दहाही दिवसांची? 16 ची चांगली होती ना! 10 ते 14 पुरे होती. 800 पाकिटं ती, उगाच 1600 ओढलीत.

फराळवाली_सुदामानगर
विकली गेलेली धरून 1600. दुकानांतून 370 च परत आली. मेघनाताई, 16 चं एकच पाकीट मी उघडलं होतं.
व्यापारी बदलला नाही. उधारीवर माल देणारा तोच आहे, आणि आता तो बिलावर लॉट लिहितो. आम्ही कट्टा उघडताना तारीख पोत्यावर मार्करने टाकतो, चिठ्ठी वहीत चिकटवतो आणि मूठभर दाणे बरणीत ठेवतो. मार्कर वीस रुपयांचा.

गुणवत्ता_पिथमपूर
मूठभर नको, पाव किलो ठेवा. प्रयोगशाळेला मूठ पुरत नाही.

बडोदेकर_काका
ताई, 60/70 चिवड्याला बारीक पडत नाही का? आम्ही 50/60 च घेतो.