मदत हवी आहे: एनएमएमएस शिष्यवृत्ती परीक्षेच्या निकालाची पोस्ट मुलांची ओळख उघड न करता कशी लिहू?

पाटीपेन्सिल: जिल्हा परिषदेच्या शाळेत आठवीला शिकवते. यंदा आमची चार मुलं एनएमएमएसला लागली. शाळेच्या फेसबुक पानासाठी केलेला मसुदा:

"अभिनंदन! कु. (पूर्ण नाव), १८० पैकी १३१ गुण. आई-वडील ऊसतोडीला, आजीकडे राहून शिकली. आता वर्षाला १२,००० रुपये मिळणार!"

असंच चौघांचं, सोबत गुणपत्रकांचे फोटो. कौतुक व्हावं, पण घरची परिस्थिती चव्हाट्यावर नको. काय बदलू?

रानवारा: सोपंय. नावाऐवजी आद्याक्षरं टाका, गुणपत्रकावर मोबाइलच्या पेनने रेघोट्या मारा.

कोपऱ्यातला बाक: एवढ्याने भागणार नाही. 'ऊसतोडीला, आजीकडे राहते' म्हटल्यावर गावात नाव कशाला लागतंय? पेनची रेघ जरा पारदर्शक असली, तर उजेड वाढवून खालचं सगळं वाचता येतं. गुणपत्रक टाकूच नका.

आणि मुळात या परीक्षेला पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत लागतं. म्हणजे नावासकट 'निवड झाली' लिहिलं की तेही सांगून झालं. रक्कमही गाळा. नाव, शाळा, रक्कम एकत्र दिसली की 'शिष्यवृत्ती जमा करायचीय, ओटीपी सांगा' म्हणणाऱ्याचं आयतंच फावतं.

मुलांनी काय केलं ते लिहा ना. तयारी कशी केली?

गोदाकाठ: आमच्या मुलीचा फोटो क्लासवाल्यांनी न विचारता फ्लेक्सवर लावला. तक्रार कुठे करायची?

कोपऱ्यातला बाक: ताई, वेगळा धागा काढा, इथे हरवेल. तोवर फ्लेक्सचा फोटो काढून ठेवा आणि क्लासला लेखी कळवा.

पाटीपेन्सिल: परिपाठाआधी जुन्या प्रश्नपत्रिका सोडवायची. अंकमालिका अडायच्या, मग स्वतःच मालिका रचून एकमेकांना घालायची.

कोपऱ्यातला बाक: हीच तर पोस्ट! बघा:

"आमच्या आठवीतले चौघे एनएमएमएसला लागले! रोज परिपाठाआधी ही मंडळी जुन्या प्रश्नपत्रिका घेऊन बसायची. अंकमालिका अडल्या, तेव्हा त्यांनी स्वतःच मालिका रचून एकमेकांना कोड्यात टाकलं. त्यातली एक तुमच्यासाठी: २, ६, १२, २०, ३०... पुढची संख्या कोणती?"

सोबत फळ्यावरच्या मालिकेचा फोटो, मुलांच्या हस्ताक्षरात. फक्त मागच्या भिंतीवर वाढदिवसांचा तक्ता नाही ना, ते बघा. आमच्याकडे असतो, नावं-तारखांसकट.

रानवारा: ४२. पण पालकांची लेखी संमती घेतली तर नाव टाकायला काय हरकत?

कोपऱ्यातला बाक: संमती कशाची, ते त्यांना नीट सांगितलंत तर. शाळेच्या पानावरची पोस्ट कोणीही पुढे ढकलतं. शिवाय मुलीलाही विचारा, तिला नको असेल तर वडिलांच्या सहीने काय होणार?

पाटीपेन्सिल: मसुदा मुख्याध्यापकांना आवडला. पण एका मुलाचे वडील म्हणतात, "पाहुण्यांना दाखवायचंय, नाव हवंच." त्यांना निकालाची प्रत दिली, त्यांचं ते टाकोत. पण चारातलं एक नाव कळलं की उरलेले तिघे गावाला शोधायला किती वेळ? आणि ग्रामपंचायत २६ जानेवारीला चौघांचा फ्लेक्स लावणार म्हणतेय. सरपंचांना कोणी आणि कसं सांगायचं? कोणाला अनुभव आहे का?