वाळलेलं शेणखत आणि घरचं कंपोस्ट कुंडीत घालण्याआधी काय तपासता?

बाल्कनीबाग_डोंबिवली:
गोठ्यातून गोणीभर शेणखत आणलंय. दिसायला सुकं आहे, पण ढेकळं फोडली की आत गवताच्या काड्या तशाच. माळीदादांनी त्यातलं मोगऱ्याच्या दोन कुंड्यांत वरून घातलं आणि पंधरवड्यात पानांच्या कडा तपकिरी झाल्या. शिवाय बादलीत भाज्यांच्या सालांचं कंपोस्ट आहे, त्यावर चिलटं फार. हे दोन्ही वापरण्याजोगं कधी झालं हे कसं ओळखायचं? आणि बारा इंची कुंडीला किती घालायचं?

नानाची_गच्ची:
ताई, ताजं शेण गरम पडतं, वाळलं की गरमी गेली. तुमचं वाळलंय ना, मग काळजी नको. पानं उन्हामुळे करपली असतील. मी तर कुंडीच्या तळाशी शेणाचा थरच देतो.

मातीकाम:
नाना, ताज्या शेणाबद्दल बरोबर आहे तुमचं, पण वाळणं वेगळं आणि कुजणं वेगळं. वाळल्यावर कुजण्याचं काम नुसतं थांबतं. कुंडीत पाणी मिळालं की ते पुन्हा सुरू होतं, अमोनिया सुटतो, आणि आधी जळतात ती बारीक पांढरी मुळं. जमिनीत मूळ बाजूला वळून वाट काढतं, कुंडीत त्याला जागाच नसते. क्षारही तिथेच साठतात, कडा करपतात त्या बहुतेक त्यानेच. तळाशी थर दिलात तर मुळं खाली पोचेपर्यंत झाड छान दिसतं, मग अचानक बसतं.

ताई, ढेकळात काड्या ओळखू येतायत म्हणजे खत अर्धवट आहे. ओलसर करून सावलीत ढीग लावा, आठवड्याला हलवा, दोन-तीन महिने जाऊ द्या. मग मूठभर ओलं खत झिपच्या पिशवीत बंद करून तीन दिवस ठेवा. उघडल्यावर पावसाळी मातीचा वास आला तर ठीक. नाकाला झोंबलं किंवा आंबट आलं तर अजून थांबा.

वासाने भागत नसेल तर मेथी पेरा. एका वाटीत निम्मं खत निम्मी माती, दुसरीत नुसती माती. आठवडाभरात दोन्हीकडे सारखी उगवली तर वापरा. खताच्या वाटीत मेथी कमी उगवली, किंवा उपटल्यावर मुळांची टोकं तपकिरी दिसली, तर ते खत कुंडीत नको.

मोगऱ्याचं वरचं खत आजच खरवडून काढा. मग तळाच्या भोकातून वाहून जाईल इतकं पाणी सावकाश तीन-चार वेळा द्या आणि कुंड्या काही दिवस सावलीत ठेवा. नवी पालवी येईपर्यंत खत, जीवामृत, काहीही नको. मातीलाच घाण वास येत असेल तर मात्र झाड काढून माती बदला.

बारा इंची कुंडीला तयार खत दीड-दोन महिन्यांतून दोन मुठी पुरे. खोडापासून दोन बोटं लांब, कडेने गोल पसरायचं आणि वर माती ओढायची. नवीन कुंडी भरताना पाव भागाच्या वर नको.

वांगीवाला:
माझी वांगी नुसती माना टाकत होती. कुंडी उलटी केली तर शेणखतातून आलेल्या हुमण्या! इंग्रजी सी आकाराच्या, गुबगुबीत, तपकिरी डोक्याच्या. आता खत प्लॅस्टिकवर पातळ पसरून उन्हात ठेवतो, अळ्या वर आल्या की साळुंक्या फस्त करतात. उरलेलं चाळून घेतो.

मातीकाम:
चाळणं उत्तमच. पण शेणातली प्रत्येक जाड अळी हुमणी नसते, गेंडा भुंग्याची अळीही तशीच दिसते आणि ती जास्त करून कुजकंच खाते. तरी कुंडीत कोणीच नको.

सोसायटी_कचरा:
आमच्या सोसायटीच्या डब्याला सडका वास येतो, त्यात ताक घालू का? चपट्या, करड्या अळ्याही झाल्यात.

मातीकाम:
दादा, हा प्रश्न डब्याचा आहे, पण ताक नको, ओलं वाढेल. सुका पाला किंवा भुसा घाला आणि हलवा. चपट्या अळ्या कचरा खातात, जिवंत मुळं नाही. मीठ घातलेलं उरलेलं अन्न मात्र टाळा, कुंडीत ते मीठ बाधतं.

बाल्कनीबाग_डोंबिवली:
खरवडून काढलं, पाणी दिलं. तळाला चहासारखं पाणी निघालं. मेथी पेरलीय. चिलटांचं काय?

मातीकाम:
चिलटं ओल्या वरच्या थरात अंडी घालतात. कंपोस्ट मातीखाली झाका आणि वरचा इंचभर थर सुकल्यावरच पाणी द्या. बादलीतही दर वेळी सालांवर सुका पाला टाका.

नानाची_गच्ची:
निंबोळी पेंड मूठभर घातली की चिलटं, हुमणी सगळं जातं.

वांगीवाला:
नाना, मी पेंड घातली होती, तरी हुमण्या निघाल्या.

नानाची_गच्ची:
पेंड जुनी असेल तुमची.